उशिरा येण्याच्या परवानगीचा नम्र अर्ज

परवा तुमच्या आईने फोनवर सांगितले की तुम्हा दोघा नातवंडांच्याही वसतिगृहांना फाटक नाही. दाराला कार्ड लावायचे की दार उघडते, मग किती का वाजलेले असेनात. मी विचारले, "आणि उशीर झाला तर कुणाला सांगायचं?" ती म्हणाली, "कुणाला म्हणजे? कुणालाच नाही." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्यावर विचार करत बसले. तुम्हाला हेवा वाटावा असे आमच्याकडे काही नव्हते, पण राग यावा असे एक होते. ते लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते, पण ही गोष्ट मराठीत घडली आणि मराठीमुळेच घडली, म्हणून मराठीतच वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

आधी जागा सांगते. महाडला आमच्या घरासमोर मुलींचे एक वसतिगृह होते. एका स्थानिक संस्थेने चालवलेले, दोन मजल्यांचे, पुढे लोखंडी फाटक. पोलादपूरच्या बाजूच्या खेड्यांतल्या मुली कॉलेजसाठी तिथे राहत, कारण घरून रोज एसटीने येऊन-जाऊन कॉलेज करणे पावसाळ्यात जमत नसे आणि उन्हाळ्यातही जेमतेमच जमे. संध्याकाळी सात वाजता फाटक बंद होई. मग हजेरी, प्रार्थना आणि जेवण, या क्रमाने. कुणाला उशिरा यायचे असेल तर आदल्या दिवशी वॉर्डनच्या नावे अर्ज द्यायचा. एका दिवसाची परवानगी वॉर्डन स्वतः देत. जास्त दिवसांचे काम असेल तर अर्ज व्यवस्थापन समितीकडे जाई. समिती महिन्यातून एकदा, शेवटच्या रविवारी, वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत भरे.

मी त्या समितीवर होते. संस्थेच्या नियमांत एक स्त्री सदस्य असावी असे होते, आणि मी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, इंग्रजी शिकवणारी, शिवाय समोरच राहणारी. स्त्री सदस्याचे काम म्हणजे आमटी चाखून बघणे आणि पंधरा ऑगस्टला मुलींना पेढे वाटणे. मी तीस वर्षे शिक्षिका होते, पण सभेत मला सगळे वहिनी म्हणत, कारण ते तुमच्या आजोबांचे मित्र होते.

हे नव्वदीच्या दशकातले, तुमच्या आईचे नुकतेच लग्न झाले होते तेव्हाचे. त्या वर्षी वसतिगृहात कापड्याची एक मुलगी होती. कापडे हे पोलादपूर तालुक्यातले गाव. तिचे घर बौद्धवाडीत. वडिलांची थोडी भातशेती होती, आणि कापणी झाली की ते गवंडीकाम करत. मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. दुपारी ती कॉलेजच्या ग्रंथालयात 'कमवा आणि शिका' योजनेत काम करी, त्यातून तिची फी निघे. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अनेकांना ते खटकत असे.

तिच्या गावाजवळच्या हायस्कुलातले क्लार्क पुढच्या वर्षी, गणपतीनंतर, निवृत्त होणार होते. हेडमास्तरांनी तिच्या वडिलांना सांगितले होते की जागेची जाहिरात निघेल, मुलगी पदवीधर आहे, पण मराठी टायपिंगचे सरकारी सर्टिफिकेट हातात पाहिजे. ते असेल तर तिचा नंबर लागायला हरकत नाही. सर्टिफिकेटची परीक्षा उन्हाळ्यात. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच क्लासला बसायला हवे होते. बाजारात कापडाच्या दुकानाच्या माडीवर टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. पहाटेपासून तासातासाच्या बॅचेस चालत आणि एका मशीनवर एकालाच बसता येई. दिवसाच्या साऱ्या बॅचेस भरलेल्या. उरली होती शेवटची, सात ते आठची. तिथे एक मशीन मोकळे होते, आणि फाटक सातला बंद होत होते.

तिने अर्ज लिहिला. तो मी पाहिला, म्हणून आठवेल तसा देते:

"मॅडम, सोमवारपासून उन्हाळ्याच्या परीक्षेपर्यंत मला यायला सव्वाआठ होतील. टायपिंगची सात ते आठची बॅच मिळाली आहे, दुसऱ्या बॅचला जागा नाही. गणपतीनंतर आमच्याकडच्या शाळेत क्लार्कची जागा निघणार आहे, तिला सर्टिफिकेट लागते. क्लासच्या सरांच्या मिसेस आपल्याच आळीत राहतात. त्या रोज क्लास बंद करून घरी येतात, त्यांच्याबरोबर येईन. सव्वाआठला फाटक उघडावे."

खाली सही आणि तारीख.

त्या संध्याकाळी वॉर्डन हा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी मागे, आमच्या पायरीवर उभी. वॉर्डन माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, अविवाहित, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. त्याही लहानपणी कुठल्याशा वसतिगृहातच वाढल्या होत्या. मुलींचे ताप-खोकले त्या स्वतः काढत. वाईट बाई नव्हत्या, तेही लिहायला हवे.

"बाई, वाचा. हा अर्ज आहे का नोटीस आहे?"

मी वाचले. म्हटले, "सगळी माहिती तर आलीय."

"माहिती आलीय हो. विनंती कुठंय? 'फाटक उघडावे.' म्हणजे मी हिची रखवालदार."

मुलगी पायरीवरून म्हणाली, "मॅडम, दुसरं काय लिहू? फाटकच उघडायचं हाय ना?"

"बघा. हे असं बोलणं." वॉर्डन माझ्याकडे वळल्या. "घरी काय शिकवतात कोण जाणे."

"घरी शिकवलंय, मागायचं ते उभं राहून मागावं," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे तसे तिने ते दिले होते. पण वॉर्डनचा चेहरा ओढला गेला. त्यांच्या दृष्टीने मागणे आणि उभे राहणे या दोन गोष्टी एकत्र बसतच नव्हत्या.

मी पेन घेतले. वर 'सप्रेम नमस्कार' लिहू लागले, मग 'माननीय' घातले. शेवटच्या वाक्याऐवजी 'सव्वाआठ वाजता फाटक उघडण्याची कृपा करावी, ही विनंती' असे केले. बाकी एका शब्दाला हात लावला नाही. इंग्रजीत मी शाळेत हेच शिकवत असे, की मजकूर तसाच ठेवावा आणि दारे-खिडक्यांना तेवढा रंग द्यावा. मुलीने वाचले आणि म्हणाली, "चालंल, बाई." वॉर्डन म्हणाल्या, "बघते." दोघी रस्ता ओलांडून गेल्या.

पुढचे मला नंतर कळले. वॉर्डनने तो कागद तिच्याकडून पुन्हा लिहून घेतला, आणि मग पुन्हा. प्रत्येक वेळी लाल रिफिलने काहीतरी खोडलेले असे. नोकरीचे वाक्य काढले, कारण अर्जात स्वतःच्या फायद्याचे बोलणे बरे दिसत नाही. परीक्षेपर्यंत म्हणजे सहा-सात महिने, ती मुदत काढली, कारण एकदम एवढे मागणे हा लोभ झाला. क्लासच्या बाईंबरोबर येण्याचे वाक्य काढले, कारण रस्त्यावर कोण कुणाबरोबर येते हे वडीलधाऱ्यांना लिहून कळवायची गोष्ट नव्हे. वेळही काढली. वेळ ठरवणे वरिष्ठांचे काम.

मी एकदा ग्रंथालयात पुस्तक बदलायला गेले, तेव्हा मुलगी खिडकीशी बसून पुस्तकांवर नंबर घालत होती. मला बघून उठली.

"बाई, आता त्यात काय राहिलंच नाय."

"कशात?"

"अर्जात. मॅडम म्हणतात आता सुंदर झाला. मला तर वाचून कळत नाय मी काय मागितलंय ते."

"समितीपुढे येईल तेव्हा मी असेन ना तिथे," मी म्हटले. "मी सांगेन सगळं."

"क्लासच्या सरांनी मशीन या महिन्यापुरतं ठेवलंय. पुढं नाय ठेवता येत म्हणाले."

"महिनाअखेरीलाच सभा आहे," मी म्हटले. ती बसली आणि पुढच्या पुस्तकावर नंबर घालू लागली.

सभेच्या दिवशी जेवणाच्या खोलीत सतरंजी घातली होती आणि पोहे झाले होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. मराठीचे शिक्षक होते, त्यांच्या भाषणांना गावात मान होता. आणखी तिघे-चौघे होते, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही, ते मान हलवत. आधी गॅसचे बिल झाले, मग वरच्या मजल्याच्या नळाची तक्रार झाली. मग वॉर्डनने अर्ज पुढे केला. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि तो मोठ्याने वाचला:

"माननीय वॉर्डनसाहेबांच्या सेवेशी सविनय सादर. मी आपल्या कृपाछत्राखाली या वसतिगृहात राहून शिक्षण घेत आहे. काही शैक्षणिक कारणास्तव मला काही काळ वसतिगृहात परतण्यास किंचित विलंब होण्याचा संभव आहे. तरी आपण मोठ्या मनाने उशिरा प्रवेशाची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. आपण जो निर्णय घ्याल तो मला शिरसावंद्य राहील. चूकभूल क्षमा असावी. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी."

ते थांबले. मग म्हणाले, "वा. कुठली मुलगी ही?"

वॉर्डनने गाव सांगितले.

"कापड्याची? अशी भाषा? 'शिरसावंद्य' लिहिलंय बघा. आजकाल शहरातल्या मुलींना येत नाही हो." त्यांनी कागद शेजारच्यांकडे दिला. तो हातोहात फिरला. प्रत्येकाने पाहिला आणि मान हलवली. वॉर्डनच्या चेहऱ्यावर जी लाली आली ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. शाळेत आपल्या वर्गाचा निकाल चांगला लागला की आम्हा शिक्षिकांच्या तोंडावर येते तशीच होती ती.

"फलकावर लावा," अध्यक्ष म्हणाले. "नमुना म्हणून. बाकीच्या मुलींना कळू दे अर्ज कसा असतो."

मी म्हटले, "परवानगीचं काय?"

"तेच बघतोय." त्यांनी कागद परत घेतला. "काही काळ म्हणजे किती काळ? किंचित विलंब म्हणजे किती वाजता? कारण काय?"

मी सगळे सांगितले. बॅच, वेळ, परीक्षा, शाळेतली जागा, क्लासच्या बाईंची सोबत आणि मशीन महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवले आहे हे. नीट, क्रमाने सांगितले, वर्गात सांगावे तसे.

"वहिनी, तुमचं बरोबर असेल," अध्यक्ष म्हणाले, "पण अर्जात तसं नाहीये."

"अर्जात होतं. पहिल्या अर्जात होतं."

"पहिला अर्ज आमच्यापुढे नाही."

मी वॉर्डनकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "तो फाडला. तसा ठेवण्यासारखा नव्हता."

"मग आपण असं करू," अध्यक्ष म्हणाले. "मुलगी गुणी आहे, नाकारायचं नाही. तिनं वेळ, कालावधी, कारण आणि परतीची सोबत यांचा स्पष्ट उल्लेख करून पुन्हा अर्ज करावा. पुढच्या सभेत सहानुभूतीनं विचार करू."

"पुढच्या सभेपर्यंत मशीन जाईल, हे मी आताच सांगितलं."

"वहिनी, तोंडी सांगितलेल्यावर समितीला ठराव करता येत नाही. उद्या कुणी विचारलं की कशाच्या आधारे दिलीत, तर काय दाखवायचं?"

त्या वर्षी पोलादपूरच्या एका डॉक्टरांची मुलगीही वसतिगृहात होती. ती आठवड्यातून तीनदा पेटी शिकायला जाई आणि साडेआठला येई. तिच्या वडिलांनी वॉर्डनना एकदा फोन केला होता, तेवढ्यावर. मी ते बोलले.

एकाने पोह्यातली मिरची बाजूला काढली.

"ते वेगळं," अध्यक्ष म्हणाले. "तो तोंडी विषय आहे. तो समितीपुढे आलेलाच नाही."

मी इतकी वर्षे मुलींना भाषा शिकवली, पण तोंडी आणि लेखी यांतला हा फरक मला त्या दिवशी कळला. डॉक्टरांची मुलगी तोंडी होती, म्हणून तिला फाटक उघडत होते. कापड्याची मुलगी लेखी झाली, आणि लेखी झाल्यावर तिच्यातले जे लिहायचे ते खोडले गेले.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज फलकावर लागला. फाटकातून आत येताच उजव्या हाताला फलक होता. चार टाचण्या, आणि वर वॉर्डनच्या अक्षरात 'नमुना'.

मुलीने लगेच दुसरा अर्ज दिला. त्यात तिने पहिल्यासारखे सगळे लिहिले होते, साध्या शब्दांत. वॉर्डनने तो निमूटपणे ठेवून घेतला. पण पुढच्या महिन्याची सभा झाली नाही, कारण अध्यक्षांकडे लग्न होते. मी त्यांच्या घरी गेले. मांडवात लाडवांच्या टोपल्या मोजल्या जात होत्या. ते म्हणाले, "वहिनी, जेवून जा." मी विषय काढला तर म्हणाले, "एकट्यानं निर्णय घेतला तर ती हुकूमशाही होईल." इन्स्टिट्यूटमध्येही गेले. तिथल्या सरांनी मला ते मशीन दाखवले. त्यावर एक मुलगा बसला होता आणि खडखडाट करत होता.

"मी आणखी पंधरा दिवस थांबलो होतो, बाई," ते म्हणाले. "फी सोडून द्या हो. पण आता बसली तरी उन्हाळ्याला स्पीड यायचा नाही. फॉर्म कसा भरू तिचा?"

त्याआधी मुलीने स्वतः एक उपाय करून पाहिला होता. दुपारच्या बॅचमध्ये एक जागा निघाली, म्हणून तिने ग्रंथालयाच्या कामातून एक तास मागितला. ग्रंथपाल म्हणाले, तास कमी केला तर योजनेतून नाव जाईल. नाव गेले तर फी जाणार होती. तिने तो विषय सोडला.

फेब्रुवारीच्या शेवटी समितीने परवानगी दिली. 'एका महिन्यापुरती, पालकांनी स्वतः फाटकापर्यंत आणून सोडण्याच्या अटीवर.' पालक कापड्याला. मी विरोध नोंदवा म्हटले. अध्यक्ष म्हणाले, "परवानगी देतोय तर विरोध कसला, वहिनी?" आणि सगळे हसले. हसण्यासारखेच होते ते.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक येतात तेव्हा गाव भरून जातो, हे तुम्ही लहानपणी पाहिलेले आहे. ट्रक भरभरून माणसे येतात, बायका पांढऱ्या साड्या नेसून, पोरे खांद्यावर. त्या दिवशी वसतिगृहाचे फाटक दिवसाही बंद ठेवत. गर्दी असते, असे कारण देत. मुलीचे वडील दरवर्षीप्रमाणे वाडीतल्या लोकांबरोबर आले होते, आणि तळ्यावरून मुलीला भेटायला इकडे आले. मी आमच्या पायरीवर पाणी भरलेला माठ घेऊन बसले होते. ते फाटकाबाहेर उभे, पांढरा सदरा, हातात पेढ्याचा पुडा. वॉर्डन आतून आल्या.

"आज भेट नाही. उद्या या."

"उद्या काम हाय, मॅडम. लांबून आलोय. पोरीला बघतो नि जातो."

मी रस्ता ओलांडून गेले आणि म्हटले, "उघडा हो. मी समितीची सदस्य आहे." वॉर्डनने उघडले. मुलगी वरून खाली आली. बापलेक फलकापाशी उभे राहून बोलत होते. मध्येच वडिलांची नजर कागदाकडे गेली. खालचे नाव त्यांनी वाचले, मग वरून सुरुवात करून सगळे वाचले. ते सावकाश वाचत, ओठ हलवत.

"ह्यो तुझा?"

मुलीने नुसती मान हलवली.

त्यांनी वॉर्डनकडे पाहिले. "हिला असं लिवाय कोनी शिकवलं?"

वॉर्डनना वाटले कौतुक आहे. त्या म्हणाल्या, "मी. अध्यक्षांना फार आवडला. नमुना म्हणून लावलाय. तुमच्या मुलीचं नाव झालं."

"नाव झालं," ते म्हणाले. "नि मशीन?"

"ते समितीचं काम."

"मंजी लिवनं शिकवायचं काम तुमचं, नि फाटक उघडायचं काम दुसऱ्याचं." ते आवाज न चढवता बोलत होते. "मॅडम, माज्या पोरीनं आज्ञाधारक लिवलंय. आज्ञा तर तिनं पाळलीच. तुमी काय केलंत?"

वॉर्डन म्हणाल्या, "तुम्ही आवाज खाली ठेवून बोला."

आवाज खालीच होता. मी तिथेच उभी होते, मी ऐकला. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्यातली माणसे घोषणा देत होती. मग वडिलांनी हात पुढे केला आणि चारही टाचण्या एकेक करून काढल्या. वॉर्डन "अहो" म्हणाल्या. ते म्हणाले, "नाव माज्या पोरीचं हाय." कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, टाचण्या वॉर्डनच्या हातात दिल्या, पेढ्याचा पुडा मुलीला दिला आणि गेले.

वॉर्डनने समितीला लेखी तक्रार दिली. ती तक्रार उत्तम मराठीत होती. पुढच्या सभेत मुलीला समज द्यावी असा ठराव झाला, आणि तो लगेच झाला, कारण तक्रारीत दिवस, वेळ, कारण सगळे स्पष्ट होते. मी त्या सभेत म्हटले की माझे सगळे बोलणे, पहिल्या सभेपासूनचे, नोंदवून घ्या. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, मागची इतिवृत्तं कायम झाली आहेत." मी त्याच दिवशी राजीनामा दिला, दोन ओळींचा. त्यावर चर्चा न होता तो स्वीकारला गेला. माझ्या जागी अध्यक्षांच्या धाकट्या भावजयीला घेतले, आणि ती आमटी चांगली चाखते असे म्हणतात.

मुलीने बी. ए.ची परीक्षा दिली आणि मे महिन्यात ट्रंक घेऊन गेली. जाताना माझ्याकडे आली. मी सरबत केले. तिने अर्धेच घेतले.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"सभेत तुम्ही खरंच सगळं बोललात?"

"सगळं. एकही गोष्ट सोडली नाही."

"मग कुठंच कसं आलं नाय?"

मी म्हटले, "नोंदवलं नाही त्यांनी."

"तुम्हाला लिहिता येतं ना, बाई. तुम्ही लिहून न्यायचं होतं."

ती रागावलेली नव्हती. तिने फक्त एक गोष्ट सांगितली, आणि मी वर्गात विद्यार्थ्यांना जसे गप्प बसवत असे तसे तिने मला गप्प बसवले. पेला धुऊन पालथा घातला, आणि रिक्षात ट्रंक चढवायला मला हात लावू दिला नाही.

गणपतीनंतर शाळेतल्या जागेची जाहिरात आली. तिच्या वडिलांना मी पोलादपूरला एसटी स्टँडवर भेटले, तेव्हा त्यांनी सांगितले. जागेवर खेडकडचा एक मुलगा लागला होता.

"सर्टिफिकेट हाय त्याच्याकडं," ते म्हणाले. "पोरगी गेलेली दाखला आनायला, ती बघून आली. म्हन्ते, आबा, दोन बोटांनी टाईप करतोय तो."

"आणि तिचं काय चाललंय?"

"पाहुने येऊन गेले मुंबैचे. पसंत हाय त्यांना." त्यांनी गाडीचा बोर्ड वाचला, ती त्यांची नव्हती. "टायपिंग तिथं शिकंल म्हन्ली. मी म्हटलं, शिक. आदी फाटक किती वाजता बंद व्हतं ते तेवढं इचार."

त्यांची गाडी आली आणि ते चढले. खिडकीतून त्यांनी मला नमस्कार केला, मी केला. त्यानंतर त्या घरातल्या कुणाची माझी भेट झाली नाही. ती टायपिंग शिकली की नाही, मला ठाऊक नाही.